वॉरंटी नोंद ॲप

घरातील फ्रिज, वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर अशा उपकरणांची बिले, वॉरंटी कार्डे आणि सर्व्हिसिंगच्या तारखा एकाच जागी ठेवणारे मोबाइल ॲप. दर उपकरणाची एक नोंद करायची. तिच्यात बिलाचा फोटो, मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख आणि वॉरंटीची मुदत भरायची. मुदत संपत आली की ॲप आठवण करून देते. काम कपाटातल्या फाइलचेच, फक्त फाइल आपणहून हाक मारत नाही.

दुकानात मिळणारे बिल पुष्कळदा थर्मल कागदावर छापलेले असते. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या थरातले रसायन उष्णतेने काळे पडते आणि अक्षरे उमटतात. म्हणूनच ऊन, उष्णता आणि हाताचा तेलकटपणा यांनी ती पुसट होतात. जपून ठेवायचे म्हणून बिल मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले, तर त्या प्लॅस्टिकमधल्या द्रव्यांमुळे अक्षरे आणखी लवकर उडू शकतात. तेव्हा बिलाचा फोटो खरेदीच्याच दिवशी काढावा. सिरीयल नंबरच्या स्टिकरचाही फोटो लगेच घ्यावा. तो मशीनच्या पाठीवर असला, तर मशीन एकदा भिंतीला टेकल्यावर दोघांनी ओढून पुढे घ्यावे लागते.

या ॲपचा कमकुवत दुवा म्हणजे तारीख. पुष्कळ ॲप बिलाच्या फोटोतला मजकूर स्वतः वाचून रकाने भरतात. समजा, वॉशिंग मशीनच्या बिलावर 09/03/2023 अशी तारीख आहे, म्हणजे 9 मार्च. संपूर्ण मशीनला 2 वर्षांची आणि मोटरला 10 वर्षांची वॉरंटी आहे, आणि दोन्ही खरेदीच्या तारखेपासून मोजायच्या आहेत. म्हणजे मशीनची मुदत 8 मार्च 2025 रोजी संपते. पण महिना आधी लिहिण्याच्या पद्धतीवर बेतलेल्या ॲपने तीच तारीख 3 सप्टेंबर अशी वाचली, तर त्याच्या लेखी मुदत 2 सप्टेंबर 2025 पर्यंत चालते. जून 2025 मध्ये पाणी बाहेर टाकणारा पंप बंद पडला की पडद्यावर हिरवी खूण दिसते, आणि सर्व्हिस सेंटर बिल बघून दुरुस्तीचे पैसे मागते. बरोबर सर्व्हिस सेंटरच असते. तारखेतला दिवस 12 च्या पुढचा असला तर ही गफलत सहसा होत नाही. 12 किंवा त्याखालचा असेल तेव्हा भरलेला महिना डोळ्यांनी तपासावा.

उलटी चूकही होते. तारीख बरोबर वाचली, पण ॲपमध्ये मुदतीसाठी रकानाच एक असला, तर मार्च 2025 नंतर त्या मशीनपुढे ‘वॉरंटी संपली’ असे लाल अक्षरांत येते. मोटरची वॉरंटी मात्र 8 मार्च 2033 पर्यंत चालू असते. लाल अक्षरे पाहून नोंद पुसली, तर 2028 मध्ये मोटर जळाल्यावर बिलही हाताशी नसते. चांगल्या ॲपमध्ये एका उपकरणाखाली अनेक मुदती लिहिता येतात. तशी सोय नसेल, तर ‘मशीन’ आणि ‘मशीनची मोटर’ अशा दोन नोंदी कराव्यात. मोटरच्या नोंदीत कार्डावरची अटही उतरवावी, कारण सुट्या भागाच्या अशा वॉरंटीत बहुधा भाग फुकट मिळतो, मजुरी आणि भेटीचे शुल्क आपल्याकडेच असते. मोटर चालवणारे सर्किट बोर्डही त्यात धरलेले असेलच असे नाही.

वॉरंटीची आठवण शेवटच्या दिवशी येऊन उपयोग नाही. महिनाभर आधी आली, तर सवयीने खपवून घेतलेला आवाज किंवा गळती वेळेत कळवता येते. तक्रार मुदतीत नोंदवली होती हे पुढे दाखवावे लागते, म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख त्याच नोंदीत लिहावी.

सर्व्हिसिंगच्या आठवणींवर किती विसंबावे, हे उपकरणावर ठरते. प्युरिफायरचा फिल्टर पाणी किती आणि कसे गाळले त्यावर झिजतो, ॲप मात्र महिने मोजते. पाण्याची धार बारीक झाली असेल, तर आठवणीची तारीख दूर असली तरी फिल्टर तपासून घ्यावा. शिवाय पुढची तारीख ॲप कशावरून काढते तेही पाहावे. सहा महिन्यांची सर्व्हिस चाळीस दिवस उशिरा झाली आणि ॲपने पुढची तारीख जुन्याच वेळापत्रकावरून काढली, तर ती पाच महिन्यांच्या आतच येऊन ठेपते.

ॲप बंद पडू शकते, फोन हरवू शकतो. म्हणून सगळ्या नोंदी फोटोंसकट बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. काही ॲप रकान्यांची यादी देतात आणि बिलांचे फोटो आतच राहतात. वॉरंटीत अख्खे उपकरण बदलून मिळाले, तर सिरीयल नंबर बदलतो. अशा वेळी जुनी नोंद न पुसता तिच्यातच नवा नंबर आणि बदलून दिल्याची पावती जोडावी, कारण पुष्कळ कंपन्या बदललेल्या उपकरणाची मुदत जुन्याच बिलापासून मोजतात.