मक्तेदारीची बोली (फ्रँचायझी निविदा)

एखाद्या सेवेसाठी दोन कंपन्यांनी एकाच गल्लीत दोन जाळी उभारणे परवडत नाही, तेव्हा तिथे नैसर्गिक मक्तेदारी तयार होते. सोलापूरच्या अशोक चौकातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या बोळांतून विजेच्या तारांचे दोन वेगळे संच नेले, तर खर्च दुप्पट होईल आणि टॉवेल मात्र तेवढेच निघतील. अशा ठिकाणी बाजारात स्पर्धा लावता येत नसेल, तर बाजार मिळवण्यासाठी तरी लावावी, ही फ्रँचायझी निविदेची कल्पना. ठरावीक मुदतीसाठी एकट्याने सेवा देण्याचा हक्क निविदेला काढायचा, आणि जो ग्राहकाला सर्वांत कमी दर देईल त्याला तो द्यायचा.

इंग्लंडमधले समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी 1859 मध्ये हा विचार मांडला. 1968 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड डेमसेट्झ यांनी तो पुढे नेऊन थेट प्रश्न केला: बोली लावणारे पुरेसे असतील, तर दर ठरवणारा आयोग हवाच कशाला? त्यांच्या मांडणीत एक अट असते आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बोली ग्राहकाच्या दरावर लागायला हवी. सरकारला सर्वाधिक रक्कम देणाऱ्याला ठेका दिला, तर मक्तेदारीचा नफा तसाच राहतो, फक्त तो सरकारच्या तिजोरीत जातो.

महाराष्ट्रातली पद्धत

वीज कायदा 2003 ने वितरण कंपनीला फ्रँचायझी नेमण्याची मुभा दिली. फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही, पण सेवेची कायदेशीर जबाबदारी परवानाधारकाकडेच राहते. या तरतुदीखाली महावितरणने 26 जानेवारी 2007 पासून भिवंडीतले वीज वितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवले. सोलापूर शहरात वितरण महावितरण स्वतः करते. तरीही भिवंडीचा अनुभव इथल्या यंत्रमागवाल्यांना परका नाही, कारण दोन्हीकडे विजेचे बिल हाच धंद्याचा नाजूक भाग आहे.

या पद्धतीत बोली ग्राहकाच्या दरावर लागतच नाही. तो दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. बोली लागते ‘इनपुट दरा’वर, म्हणजे महावितरणकडून वीज घेताना फ्रँचायझी प्रतियुनिट किती देणार यावर. वर्षनिहाय दर मागवले जातात आणि जास्त देणारा जिंकतो. थोडक्यात, डेमसेट्झ यांची अट इथे उलटी आहे. आयोग जागेवरच राहिला आणि बोली त्याच्या हाताखाली आली. फ्रँचायझीची कमाई एकाच गोष्टीतून होते: गळती आणि थकबाकी कमी करणे.

सोलापूरच्या एखाद्या यंत्रमाग भागाचा काल्पनिक हिशेब मांडू. आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत. 100 युनिट आत आले, इनपुट दर 4 रुपये, म्हणजे देणे 400 रुपये. गळती 40 टक्के, म्हणून बिल 60 युनिटचे. सरासरी 7 रुपये दराने 420 रुपयांचे बिल होते आणि 95 टक्के वसुली धरली तर हातात 399 येतात. पगार आणि दुरुस्ती सोडूनही रुपयाचा तोटा आहे. गळती 20 टक्क्यांवर आणली की बिल 80 युनिटचे होते आणि वसुली 532 रुपये. 400 रुपयांचे देणे वजा जाता उरलेले 132 रुपये ही बोलीची खरी किंमत.

आता दुसऱ्या एका कंपनीने जिंकण्यासाठी 5 रुपये भरले असे समजा. देणे 500. पगार न धरताही गळती साधारण 25 टक्क्यांवर येईपर्यंत तिला तोटाच आहे आणि पहिल्या वर्षी दर 100 युनिटमागे 101 रुपये खिशातून जातात. सर्वांत आशावादी अंदाज बांधणारा जिंकतो, आणि त्याचा अंदाज चुकण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते.

अंदाज का चुकतो, हे एका रोहित्रापाशी उभे राहिले की कळते. रोहित्रावरचे मीटर किती युनिट बाहेर पडले ते सांगते. त्याखालच्या सगळ्या ग्राहकांच्या मीटरची बेरीज किती विकले गेले ते सांगते. दोन्हींतला फरक म्हणजे गळती. पण कुठला ग्राहक कुठल्या रोहित्रावर आहे याची नोंद जुनी असेल, काही मीटर बंद असतील आणि बिले सरासरीने जात असतील, तर निविदेतला गळतीचा मूळ आकडाच डळमळीत असतो. शिवाय यंत्रमागाला सवलतीचा दर असतो आणि सवलतीची रक्कम सरकारकडून यायची असते. मागांचे प्रमाण बदलले की प्रतियुनिट सरासरी उत्पन्न बदलते, आणि मग इनपुट दर पुन्हा कसा जुळवायचा यावर वाद सुरू होतो.

करारानंतरची अडचण

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यमसन यांनी 1976 मध्ये याच जागेवर बोट ठेवले. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराने केबल टीव्हीचा ठेका निविदेने दिला होता. अगदी कमी मासिक दर लावणारी कंपनी जिंकली. नंतर काम रखडले, खर्च वाढला आणि कंपनीने अटी सैल करून मागितल्या. शहराने ठेका रद्द करण्याऐवजी तडजोड केली. जाळे अर्धवट टाकलेले, दुसरा बोलीदार दारात नाही. अशा वेळी ज्याच्या हातात ठेका आहे त्याचेच चालते. निविदेच्या दिवशी दहा जण असतात, दुसऱ्या दिवशी एकच. म्हणून दर, सेवा आणि गुंतवणूक यांच्यावर लक्ष ठेवणारे कोणीतरी लागतेच, आणि ते काम नियामकाच्या कामासारखेच होऊन बसते.

महाराष्ट्रात दोन्ही टोके दिसतात. भिवंडीत 50 टक्क्यांहून अधिक असलेली तांत्रिक व वाणिज्यिक गळती काही वर्षांत 20 टक्क्यांच्या आसपास आली आणि दहा वर्षांनी कराराची मुदत वाढवण्यात आली. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) 2011 मध्ये जीटीएल या कंपनीला दिलेली फ्रँचायझी 2014 मध्ये संपुष्टात आली. जळगावची 2015 मध्ये, तर नागपूरची, मालकी बदलूनही, 2019 मध्ये महावितरणकडे परत आली. ठेका डगमगतोय हे सर्वांत आधी इनपुट बिलाच्या थकबाकीत दिसते: ग्राहकाकडून पैसे येतात, पण महावितरणला पोचत नाहीत. त्यानंतर नवी रोहित्रे आणि केबल यांचा खर्च पुढे ढकलला जातो.

कराराच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत चांगली कंपनीही हात आखडता घेते. आज बसवलेले केबल तीस वर्षे चालेल, पण ठेका संपायला दोनच वर्षे उरलेली असतात. म्हणून करारात घसारा वजा करून मालमत्तेची किंमत परत देण्याची सोय ठेवतात. पण ती किंमत ठरवायची तर कुठली गुंतवणूक खरोखर गरजेची होती आणि कुठली फुगवलेली, हे कोणीतरी दरवर्षी तपासून मान्य केलेले असावे लागते.

पाण्यात हे अधिक अवघड आहे. सोलापूरला उजनीहून शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीने पाणी येते आणि शहरात ते काही दिवसांआड सुटते. वाहिनी फुटली, धरणात साठा कमी झाला, वीज गेली तर दोष ठेकेदाराचा की महापालिकेचा? त्याला किती पाणी मिळणार हेच त्याच्या हातात नसेल, तर तो एक तर बोलीत जोखमीचे पैसे धरेल किंवा कमी दर भरून नंतर भांडेल. विजेत निदान आत आलेले युनिट मोजता येतात. पाण्यात आधी टाकीच्या मुखाशी मीटर बसवून वर्ष-दोन वर्षांची नोंद ठेवावी, मगच निविदा काढावी. नाहीतर बोलीत जो दर येईल तो निव्वळ अंदाजावरचा असेल.