अपूर्णांकांचा पहिला पाठ : थेट अध्यापन आणि मार्गदर्शित शोध

अपूर्णांकांची ओळख करून देताना कोणता भाग शिक्षकाने सरळ सांगावा आणि कोणता मुलांना प्रश्न देऊन त्यांच्याकडून काढून घ्यावा, यासंबंधीचा पाठनियोजनातील निर्णय. थेट अध्यापनात शिक्षक संकल्पना सांगतो, उदाहरण सोडवून दाखवतो आणि मग सराव घेतो. मार्गदर्शित शोधात प्रश्न आधी येतो. मुलांच्या उत्तरांना शिक्षक वळण देतो आणि रीतसर मांडणी शेवटी होते.

दोन्ही पद्धतींचा उगम कोठून धरावा याविषयी एकमत नाही. थेट अध्यापनाचे नाव सामान्यतः सिगफ्रीड एंगेलमन यांच्याशी जोडले जाते. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्यांनी तयार केलेल्या पाठांत शिक्षकाने काय बोलायचे हेही लिहून दिलेले असे. बराक रोझेनशाइन यांनी पुढे वर्गनिरीक्षणांच्या आधारे मांडलेले रूप यापेक्षा बरेच सैल आहे; सर्वसाधारण वर्गांत दिसते ते बहुधा हेच. शोधाची परंपरा काही अभ्यासक जॉन ड्यूई यांच्यापर्यंत मागे नेतात. आजच्या वादापुरती ती जेरोम ब्रूनर यांच्या १९६१ च्या लेखापासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

पॉल किर्शनर, जॉन स्वेलर व रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये असा आक्षेप घेतला, की विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी नवशिक्याची कार्यकारी स्मृती तोकडी असते आणि शोधाच्या धडपडीतच ती खर्ची पडते. मार्गदर्शित शोधात आधार भरपूर असतो, त्याला मार्गदर्शनहीन म्हणता येत नाही, असे उत्तर सिंडी हमेलो-सिल्व्हर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दिले. २०११ साली लुईस अल्फिएरी व सहकाऱ्यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणात विनामदत शोध थेट अध्यापनापेक्षा कमी पडला, तर मदतीसह शोध इतर पद्धतींपेक्षा सरस ठरला. त्यामुळे प्रश्न आता पद्धतीच्या नावाचा फारसा राहिलेला नाही. कोणती मदत कोणत्या क्षणी द्यायची, एवढाच उरतो.

अपूर्णांकांच्या बाबतीत हा क्षण बऱ्यापैकी नेमका दाखवता येतो. सारख्या लांबीच्या तीन कागदी पट्ट्या चार मुलांत समान वाटायच्या आहेत, असे समजू. काही मुले दोन पट्ट्या अर्ध्या करतात आणि तिसरीचे चार भाग करतात, म्हणजे प्रत्येकाला अर्धी व पाव पट्टी मिळते. काही मुले प्रत्येक पट्टीचे चार भाग करून एकेक भाग देतात, म्हणजे प्रत्येकाला तीन पाव. दोन्ही वाटे शेजारी ठेवले की लांबी सारखीच भरते. इथवर फारसे सांगावे लागत नाही, कारण समान वाटणीची जाण मुलांकडे औपचारिक शिक्षणाआधीच असते. लीन स्ट्रीफलँड यांनी नेदरलँड्समध्ये आखलेला अभ्यासक्रम याच जाणिवेवर उभा होता.

अडचण वाटा लिहिताना येते. एकूण तुकडे बारा, मला मिळाले तीन, म्हणून ३/१२, असे उत्तर हमखास येते. ते निव्वळ चूक म्हणून खोडणे बरोबर नाही. तिन्ही पट्ट्या मिळून एक पूर्ण धरले तर ते खरेच आहे. एका पट्टीला एक मानले तर मात्र उत्तर ३/४ होते. एकक कोणते धरायचे हा संकेत आहे, आणि तो पट्ट्या कितीही वेळा कापल्या तरी आपोआप सापडत नाही. छेद खाली, अंश वर, हेही तसेच. अशा ठिकाणी मुलांना चाचपडत ठेवण्यात अर्थ नाही. शिक्षकाने एक पट्टी हातात धरून ‘हे आपले एक’ असे सांगावे. उलट, भागांची संख्या वाढली की भाग लहान होतो, हा संबंध आहे. तो मुलांनी पट्टी कापून पाहिला तर ‘चार मोठे, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा’ हा समज लवकर हलतो.

निव्वळ थेट पाठातील धोका वेगळा. आधीच भाग पाडलेल्या आकृतीत रंगवलेले भाग मोजून मूल बिनचूक ३/४ लिहिते आणि भाग सारखे आहेत का, हे पाहतही नाही. असमान भागांचा एखादा आयत पुढे ठेवला, की हे लगेच उघड होते. तिथेही ३/४ आले तर मुलाने केवळ मोजणी केली असे समजावे.

आधी झगडा, मग स्पष्टीकरण हा मनू कापूर यांनी पुरस्कारलेला क्रम मोठ्या विद्यार्थ्यांत लाभदायक आढळला असला, तरी तन्मय सिन्हा व कापूर यांच्याच २०२१ च्या विश्लेषणात दुसरी ते पाचवीच्या मुलांत तो लाभ दिसत नाही. आणि अपूर्णांक शिकवले जातात ते बहुतांशी याच वयात. म्हणून वाटणीचा प्रश्न दहा-पंधरा मिनिटांपुरता ठेवून एककाचा मुद्दा येताच स्पष्टीकरणाकडे वळणे अधिक सुरक्षित मानावे लागते. गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी, तसेच वर्गाला समान भाग पाडणेच जमत नसेल तर, थेट अध्यापनाने सुरुवात करण्याकडे कल असतो. मात्र वरील अभ्यासांचे निष्कर्ष एका तासिकेला जसेच्या तसे लावता येत नाहीत.