दान, जकात, धर्म : चार रकान्यांवरच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

नववीच्या प्रकल्पवहीतला हा तक्ता बहुतेक ठरलेला असतो. चार रकाने, चार धर्म, प्रत्येकाखाली एकेक वचन आणि डोक्यावर ठळक अक्षरांत ‘दान’. खालची वचनं सहसा बरोबर असतात. घोळ असतो तो डोक्यावरच्या शब्दात, आणि तो मुलांनी केलेला नाही. तेराचौदाशे वर्षं तो साठत आला आहे.

सगळ्यांत जास्त अडकतो तो मुस्लिम रकाना. मूल ‘जकात’ असं लिहितं आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ट्रकची रांग उभी राहते. शब्द खरोखर एकच आहे, उच्चार तेवढा बदलला. नाक्यावर तो कसा पोचला हे कळलं तर ते वचनही वेगळं दिसू लागतं.

कुराणाच्या नवव्या अध्यायातली साठावी आयत जकातीचा पैसा कोणाला द्यायचा ते सांगते. एकूण आठ जण : गरीब, गरजू, ज्यांची मनं वळवायची ते, गुलामांची सुटका, कर्जबाजारी, अल्लाहच्या वाटेवरचे, प्रवासी, आणि या यादीतच ‘तो गोळा करणारे’. हे शेवटचे महत्त्वाचे. गोळा करणाऱ्याला त्याच पैशातून वाटा आहे, म्हणजे हा पैसा नुसता देणाऱ्याच्या मनावर सोडलेला नव्हता, तो वसूल होत होता. आणखी एक गंमत अशी की आयतीतला शब्द ‘जकात’ नाहीच, ‘सदकात’ आहे. आज सदका म्हणजे ऐच्छिक आणि जकात म्हणजे बंधनकारक असं शिकवतात. या आयतीतल्या सदक्याचा अर्थ मात्र धर्मशास्त्रींनी बंधनकारक जकात असाच लावला. तक्त्यात ‘जकात सक्तीची, सदका ऐच्छिक’ अशी व्याख्या देऊन खाली हीच आयत चिकटवली, तर व्याख्या आणि पुरावा एकमेकांशी भांडतात.

ही उपासना की महसूल, हा वाद पहिल्याच पिढीत पेटला. पैगंबरांच्या निधनानंतर, ६३२ साली, काही अरब टोळ्या म्हणाल्या, नमाज पढू, पण मदिनेला जकात देणार नाही. पहिल्या खलिफांनी त्यांच्याशी युद्ध केलं. तो निर्णय त्या वेळीही सगळ्यांच्या गळी उतरला नव्हता. सोबतच्यांतल्याच काहींनी आधी हरकत घेतली होती. माझ्या मते जकातीची पुढची सगळी वाट त्या निर्णयातून निघते. दुसऱ्या खलिफांच्या काळात व्यापारी वाटांवर वसुली अधिकारी बसले. मुस्लिम व्यापाऱ्याच्या मालावर चाळिसावा भाग, राज्यातल्या इतर धर्मीयांवर विसावा आणि परमुलखातून येणाऱ्यांवर दहावा असा दर होता. चाळिसावा भाग म्हणजेच अडीच टक्के, आणि तो जकात म्हणूनच धरला जाई. म्हणजे वाटेवर बसलेला माणूस, थांबलेला माल आणि जकात हा शब्द इतक्या लवकर एकत्र आले होते.

राज्यकारभाराच्या फारसीतून हा शब्द दख्खनेत उतरला आणि मराठी कागदपत्रांत मालावरची जकात, जकातदार असा रुळला. त्यातला धार्मिक अंश गळून पडला आणि वसुली तेवढी उरली. मग तीच नगरपालिकांकडे आली. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कराबरोबर संपली. आता ‘जकात नाका’ हे कित्येक ठिकाणी नुसतं बसथांब्याचं नाव आहे. तक्त्यात म्हणूनच ‘ज़कात’ असा नुक्ता देऊन लिहावं आणि हिशेबही द्यावा : साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी या किमतीच्या वर बचत असेल आणि ती वर्षभर टिकली असेल, तर अडीच टक्के. चार लाख शिल्लक असतील तर दहा हजार. फक्त हा आकडा कुराणाच्या नावावर लिहू नये. तो हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, आणि धर्मशास्त्र यांतून आलेला आहे.

ख्रिस्ती रकान्यातली चूक इंग्रजीतून येते. मूल ‘चॅरिटी’ हा शब्द शोधतं आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय सापडतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात तिथे ‘चॅरिटी’ आहे, पण मूळ ग्रीक शब्द आहे अगापे, म्हणजे प्रीती. १५२६ च्या इंग्रजी भाषांतरात ‘लव्ह’च होतं, त्यावरून मोठं वाग्युद्धही झालं होतं, १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ते परत आलं. त्याच अध्यायातलं तिसरं वचन म्हणतं की सगळी मालमत्ता गोरगरिबांना खाऊ घातली आणि प्रीती नसली, तर काही लाभ नाही. म्हणजे दानाचं वचन म्हणून जे चिकटवलं जातं, ते दान पुरेसं नाही असं सांगत असतं.

तक्त्यासाठी बरं वचन म्हणजे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू न देणारं. त्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत हस्तलिखितांत पाठभेद आहे : जुन्या प्रतींत ‘नीतिमत्ता’, पुढच्या बहुतेक प्रतींत ‘भिक्षादान’. यामागे हिब्रू ‘त्सदाका’ आहे. मुळात न्याय, नीती, पुढे दान. अरबी सदका त्याच घराण्यातला. मराठी माणसाला हे समजवावं लागू नये. ‘आंधळ्याला धर्म करा’ म्हणताना आपण धर्म या शब्दाचं नेमकं हेच करतो, आणि सरकारी पाटीवर ‘धर्मादाय आयुक्त’ लिहिलेलं असतं तेही त्यामुळेच.

हिंदू रकान्यात गीतेच्या सतराव्या अध्यायातला विसावा श्लोक ठरलेला : परतफेड न करणाऱ्याला, योग्य देशी, काळी आणि ‘पात्री’ दिलेलं दान सात्त्विक. भाषांतरात पात्र म्हणजे ‘गरजू’ असं उरकतात. धर्मशास्त्रात मात्र पात्र म्हणजे प्रामुख्याने विद्वान, आचारवंत ब्राह्मण. गरजूसाठी ऋग्वेदाचं दहाव्या मंडलातलं ११७ वं सूक्त जास्त सरळ आहे. ‘केवलाघो भवति केवलादी’, एकटा खाणारा निव्वळ पाप खातो.

शीख रकान्यात मुलं दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, लिहितात आणि खाली ‘गुरु ग्रंथ साहिब’ असा हवाला देतात. दहाव्या हिश्शाचा नियम रहितनाम्यांतला, म्हणजे शिखांच्या आचारसंहितांतला आहे. ग्रंथातली ओळ वेगळी, अंग म्हणजे पान १२४५ वर : ‘घालि खाइ किछु हथहु देइ’, कष्ट करून खावं आणि त्यातलं काही आपल्या हाताने द्यावं. चौघांत मला हीच आवडते. देण्याआधी पैसा कुठून आला हे विचारणारी ती आहे, आणि पहिल्या गुरूंनी आसा दी वारमध्ये दुसऱ्याचं घर लुटून पितरांच्या नावाने देणाऱ्याची जी खिल्ली उडवली आहे, तीही याच मुद्द्यावर.

त्याच ग्रंथात पंढरपूरच्या शिंप्याची ६१ पदं आहेत. त्यांतलं गोंड रागातलं, अंग ८७३ वरचं पद म्हणतं की अश्वमेध केला, स्वतःच्या भाराइतकं तुळापुरुष दान दिलं, प्रयागला स्नान केलं, तरी हरिकीर्तनाची बरोबरी होत नाही. हे पद कुठल्या रकान्यात चिकटवायचं, हे मुलांनीच ठरवावं. चौकट आखताना मधली रेघ जरा पुसट ठेवली तर सोय होईल.