दोन दिवसांचा राग, पंचवीस वर्षांची सरासरी

समजा, एका छोट्या व्यवसायाला आजवर ४०० रेटिंग मिळाली आहेत आणि त्यांची सरासरी ४.५ आहे. महिन्याला साधारण २० नवी रेटिंग येतात. एका रात्री मालकाच्या नातेवाइकाचं कुठलं तरी राजकीय विधान बातम्यांत झळकतं आणि पुढच्या दोन दिवसांत ६०० जण एकेक तारा देऊन निघून जातात. त्यांपैकी जवळजवळ कोणीही त्या दुकानाची पायरी चढलेली नसते. आधीच्या ताऱ्यांची बेरीज १८००, त्यात हे ६००, म्हणजे २४००. भागिले १०००. सरासरी उरते २.४.

खरी गंमत पुढे आहे. मालकाने काम पूर्वीइतकंच चांगलं ठेवलं आणि नवी रेटिंग ४.५ च्याच सरासरीने येत राहिली, तर निदान ४.२ वर परत यायला किती लागतील? उत्तर येतं ६०००. महिन्याला २० या वेगाने ३०० महिने, म्हणजे २५ वर्षं. जमावाचा राग आठवडाभरात ओसरतो. सरासरी मात्र तो विसरत नाही, कारण काल आलेला तारा आणि पाच वर्षांपूर्वीचा तारा तिच्या लेखी सारखेच.

सरासरी फसवी असेल तर मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरावा, असं संख्याशास्त्राची तोंडओळख असलेला कोणीही सुचवेल. पण मध्यक तग धरतो तो विचित्र आकडे थोडे असतात तेव्हा. इथे १००० पैकी ६०० आकडे जमावाचे आहेत, त्यामुळे मध्यक थेट १ वर येतो. ताज्या रेटिंगला जास्त वजन देण्याचा उपाय गूगल प्लेने २०१९ मध्ये स्वीकारला. त्याने जुनी रेटिंग हळूहळू मागे पडतात खरी, पण हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत घसरण उलट आणखी खोल दिसते. थोडक्यात, ताऱ्यांच्या संख्येकडे बघून जमाव वेगळा काढता येत नाही. तो वेगळा दिसतो तारखेवरून.

महिन्याला २० म्हणजे दिवसाला एकही नाही. अशा ठिकाणी एका दिवसात चार-पाच आली तरी नवल वाटावं. ३०० आली तर तिथे ग्राहकांपेक्षा निराळं काही तरी घडतंय हे उघड आहे. मात्र नुसती उसळी हा पुरावा नव्हे. मोठा सेल लागला किंवा नवी आवृत्ती आली तरी आलेख उसळतो. अशा उसळीत तीन आणि चार तारेही असतात आणि वापरणारेही वाढलेले असतात. जमावाच्या उसळीत मधले तारे जवळपास नसतात आणि मजकुरात उत्पादनाचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठीराखे पाच तारे घेऊन धावून येतात, आणि तेही तितकेच गैरलागू.

खरेदीचा पुरावा मागितला की प्रश्न मिटेल, असं वाटणं साहजिक आहे. स्टीम या गेमच्या दुकानात तो नियम होताच. गेम ज्याच्या खात्यात आहे त्यालाच रिव्ह्यू लिहिता येतो. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ‘फायरवॉच’ या गेमवर तुफान नकारात्मक रिव्ह्यू पडले. एका प्रसिद्ध यूट्यूबरने थेट प्रक्षेपणात वांशिक शिवी वापरली, म्हणून गेम बनवणाऱ्या स्टुडिओने त्याच्या ‘फायरवॉच’ खेळतानाच्या व्हिडिओवर कॉपीराइटची तक्रार केली. चिडलेले लोक गेमचे खरेखुरे मालक होते. गेम तोच होता, बदललं होतं फक्त मत.

त्याच महिन्यात स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रत्येक गेमच्या पानावर रिव्ह्यूंचा काळानुसार आलेख दाखवायला सुरुवात केली. मार्च २०१९ मध्ये ती आणखी पुढे गेली. एखाद्या गेमच्या रिव्ह्यूंमध्ये असामान्य हालचाल दिसली की यंत्रणा इशारा देते, मग माणसं तपास करतात. हल्ला विषयाबाहेरचा ठरला तर तेवढा कालावधी आखून घेतला जातो आणि त्यातले रिव्ह्यू गुणांकनातून वगळले जातात. ते पुसले मात्र जात नाहीत. ज्याला वाचायचे त्याने वाचावेत, आणि सेटिंग बदलून गुणांकनात धरायचे तर तेही जमतं. माझ्या मते प्लॅटफॉर्मने करण्याजोगी हीच सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे, कारण पुसलं की दडपल्याचा आरोप होतो आणि दुसरी लाट येते.

या पद्धतीची किंमतही आहे. त्या दिवसांत कोणी खरोखर खेळून लिहिलेला रिव्ह्यूही हिशोबातून जातो. म्हणून आखलेला कालावधी जितका आखूड तितका बरा. ‘विषयाबाहेर’ची रेघ कुठे ओढायची हेही वादग्रस्तच. कॉपी-संरक्षणाबद्दलच्या तक्रारीही व्हॉल्व्हने विषयाबाहेरच्या धरल्या, ते मला पटत नाही. ते संरक्षण विकत घेतलेल्या वस्तूचाच भाग असतं. उलट, एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागल्यावर, तेच चर्च ज्यात उभं केलं आहे त्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेमवर कौतुकाचा वर्षाव झाला, तेव्हा कंपनीने तो तपासला आणि गुणांकनात राहू दिला.

नकाशांवरच्या आणि फुकट अ‍ॅपच्या रिव्ह्यूंना खरेदीचा आधारही नसतो. तिथे नेम चुकणं नेहमीचंच. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या कथित विधानावर भारतात राग उसळला, तेव्हा नावातल्या साधर्म्यामुळे स्नॅपडीललाही एकेक तारा मिळाला. २०१८ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या ‘रेड हेन’ रेस्टॉरंटने सरकारच्या प्रवक्त्या बाईंना निघून जायला सांगितलं आणि दुसऱ्या शहरांतली त्याच नावाची, काही संबंध नसलेली रेस्टॉरंटं झोडपली गेली.

जमाव शिकतोही. डिसेंबर २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना इथे एका गाजलेल्या खुनातला संशयित मॅकडॉनल्ड्समध्ये पकडला गेला. तिथून पोलिसांना खबर गेली म्हणून लोकांनी ‘स्वयंपाकघरात उंदीर आहेत’ असे रिव्ह्यू टाकले. इंग्रजी बोलीत उंदीर म्हणजे खबऱ्या. एकेकटं वाचलं तर ही स्वच्छतेची साधी तक्रार वाटते. बातमी आणि तारीख शेजारी ठेवली तरच अर्थ कळतो. एकेक रिव्ह्यू सुटा वाचणारी तपासणी इथे हमखास फसते.

मालकाच्या हातात काय उरतं? पहिल्याच तासात पानाचे स्क्रीनशॉट काढावेत आणि हल्ल्याआधीची संख्या, सरासरी व नेहमीचा मासिक वेग लिहून ठेवावा; पुढे हाच पुरावा ठरतो. मग प्रत्येक रिव्ह्यूची तक्रार ‘प्रत्यक्ष अनुभवावर आधारित नाही’ किंवा ‘विषयाबाहेरचा’ या कारणाखाली करावी. ‘खोटा आहे’ एवढंच म्हटलं तर तपासणाऱ्याला धरायला काही मिळत नाही. बातमीचा दुवा, ती पसरल्याची वेळ आणि रिव्ह्यू सुरू झाल्याची वेळ सोबत जोडावी. येल्पसारखे प्लॅटफॉर्म असा प्रसंग ओळखून पानावर इशारा लावतात आणि नवे रिव्ह्यू काही काळ थांबवतात. तशी मागणी करायला हरकत नाही.

एकेकाला उत्तर देत बसू नये. प्रत्येक उत्तर म्हणजे पुन्हा शेअर करायला नवा स्क्रीनशॉट. नेम चुकला असेल तर ‘आमचा त्या घटनेशी संबंध नाही’ एवढं एकच निवेदन पुरे. मित्र-नातलगांकडून पाच तारे मागवणं ही सर्वांत महाग चूक. त्याने आलेखावर दुसरी खोटी उसळी तयार होते आणि स्वच्छ असलेल्या मालकाचंच खातं नियमभंगात अडकतं.

आणि त्या ६०० मध्ये चार-दोन खऱ्या ग्राहकांच्या तक्रारी असतातच: बिलाचा घोळ, उशीर, तुटलेला माल. ओळखायची खूण साधी आहे. त्यात तारीख, वस्तू, रक्कम असं काही तरी तपासता येण्याजोगं असतं. त्यांना उत्तर द्यावं, आणि प्लॅटफॉर्मकडे तक्रार करताना त्यांना बाकीच्यांच्या गठ्ठ्यात धरू नये.