दहा लाखांत एक: सिलिकॉनच्या रिकामेपणाची पार्श्वभूमी

ऐरोलीहून ठाण्याला माझ्याकडे शिकायला येणारी एक विद्यार्थिनी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात ती वहीत दोन आकडे शेजारीशेजारी लिहून घेऊन आली. पहिला तिने स्वतः काढला होता: सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, तर रोधकता वीस लाखांहून जास्त पटीने उतरते. दुसरा तिला पुस्तकात सापडला होता: लाख अणूंमागे बोरॉनचा एक अणू, वाहकता हजार पट. "सर, एवढ्याशा अशुद्धीने एवढा फरक पडतोच कसा? आणि दहापट जास्त घालून परिणाम इतका कमी कसा? दोन्हींतलं खरं कुठलं?"

दोन्ही खरे आहेत. ते एकाच गोष्टीचे दोन काळांतले आकडे आहेत, आणि त्यांच्यातली तफावत कुठून आली ते कळलं की तिच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

आधी तिचा हिशेब. एका घनसेंटीमीटर सिलिकॉनमध्ये सुमारे 5 × 10²² अणू असतात. स्फटिक पूर्ण शुद्ध असेल तर खोलीच्या तापमानाला त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन असतात 10¹⁰ च्या आसपास. म्हणजे पाच लाख कोटी अणूंमागे एक. पृथ्वीवर आज आठशे कोटी माणसं धरली, तर अशा सहाशे पृथ्वी धुंडाळाव्यात तेव्हा एक मोकळा इलेक्ट्रॉन सापडावा, इतका हा पदार्थ रिकामा आहे. याच्या तुलनेत दहा लाखांत एक म्हणजे फारच दाट वस्ती. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या अकरा लाखांच्या वर होती. तेवढ्या एका शहरात एक माणूस. फॉस्फरसच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन दिला की घनसेंटीमीटरमागे 5 × 10¹⁶ इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे आधीच्या पन्नास लाख पट. रोधकता तीन लाख ओहम-सेंटीमीटरवरून 0.13 च्या आसपास येते. ही उतरण पन्नास लाख पट होत नाही, कारण शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोडीने होलही, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्यावर बंधात उरलेल्या रिकाम्या जागाही, वीज वाहतात, शिवाय फॉस्फरसचे अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत थोडे आडवे येतात.

तांब्याचं उलट आहे. तिथे अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन आधीपासूनच हजर. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर आणखी एक माणूस चढला तर गर्दीत काही फरक पडत नाही. तोच माणूस रात्री अडीचला त्या पुलावर दिसला तर लगेच नजरेत भरतो. तांब्यात अशुद्धी घातली तर वहन वाढत नाही, उलट अडथळे वाढून रोध थोडा चढतो. एवढ्या बदलाचं श्रेय फॉस्फरसला कमी आणि सिलिकॉनच्या रिकामेपणाला जास्त आहे, हे मला मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा का होतो? सिलिकॉनच्या अणूला चार शेजारी असतात आणि चार बंधांत त्याचे चारही इलेक्ट्रॉन गुंतलेले असतात. त्यातला एक सोडवायला 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. खोलीच्या उष्णतेचं नाणं फक्त 0.026 चं, म्हणजे किंमत नाण्याच्या त्रेचाळीस पट. फॉस्फरस सिलिकॉनच्याच जागी बसतो, चार बंध पुरे करतो आणि एक इलेक्ट्रॉन शिल्लक राहतो. त्याला स्वतःच्या अणूची ओढ असते, पण मधल्या सिलिकॉनमुळे ती सुमारे बारा पटीने सौम्य होते. त्यामुळे हा इलेक्ट्रॉन हजारो अणूंच्या परिसरात पसरून फिरतो, आणि त्याला सोडवायला 0.045 पुरतात. इथे चौकस मूल विचारतंच, की 0.045 तरी 0.026 पेक्षा जास्तच आहेत ना? आहेत. पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला वावरायला घनसेंटीमीटरमागे 10¹⁹ च्या वर जागा मोकळ्या असतात, आणि परतायला फॉस्फरसच्या फक्त 5 × 10¹⁶. एवढ्या पसाऱ्यात तो घरी क्वचितच परततो. म्हणून खोलीच्या तापमानाला जवळजवळ सगळे फॉस्फरस अणू आपला इलेक्ट्रॉन सोडून बसलेले असतात.

हे चित्र पहिल्यांदा नीट मांडलं ते 1931 मध्ये ॲलन विल्सन या तरुण इंग्रज संशोधकाने, लाइपझिगला हायझेनबर्गकडे असताना. त्याआधी अर्धवाहकांची मोजमापं म्हणजे नुसता गोंधळ होता. एकाच पदार्थाचे दोन नमुने दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे आकडे द्यायचे. त्याच वर्षी पाउली या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या सहकारी पायर्ल्सला लिहिलेल्या पत्रात या विषयाला घाण म्हटलं आणि त्यावर काम करू नये असं बजावलं. त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. प्रत्येक नमुन्यात कुठली अशुद्धी किती आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आकडा ठरवत होती तीच.

या गोंधळातून वाट निघाली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, तीही एका तडकलेल्या कांडीमुळे. रसेल ओल रेडिओ डिटेक्टरसाठी सिलिकॉन तपासत होते. फेब्रुवारी 1940 मध्ये त्यांच्या हाती आलेल्या एका कांडीवर प्रकाश पडला की जवळजवळ अर्धा व्होल्ट दाब तयार व्हायचा. कांडीचा एक भाग एका प्रकारचा निघाला, दुसरा उलट प्रकारचा. या दोन प्रकारांना पुढे पी आणि एन ही नावं मिळाली: पीमध्ये वीज मुख्यतः होल वाहतात, एनमध्ये इलेक्ट्रॉन. कांडी मुद्दाम तशी घडवलेली नव्हती. सिलिकॉन वितळवून हळूहळू गोठवताना हे आपोआप झालं होतं. बोरॉन द्रवात राहायला फारसा उत्सुक नसतो, गोठणाऱ्या घनात बऱ्यापैकी शिरतो: द्रवात दहा असतील तर घनात आठ. फॉस्फरसचे मात्र दहातले साडेतीनच शिरतात, बाकीचे उरलेल्या द्रवात ढकलले जातात. म्हणून आधी गोठलेल्या भागात बोरॉनचं पारडं जड झालं आणि शेवटी गोठलेल्या भागात फॉस्फरसचं. बोरॉन होल देतो आणि फॉस्फरस इलेक्ट्रॉन, म्हणून दोन्ही एकत्र असताना हिशेबाला उरतो तो त्यांच्यातला फरक, हेही या कांडीने दाखवलं.

ती अशुद्धी फॉस्फरसच आहे हे कसं ओळखलं, तो भाग मला फार आवडतो. ही कांडी वितळवणारे धातुतज्ज्ञ जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्यूअरर होते. त्या वेळच्या वर्णपटमापकात फॉस्फरस दिसत नव्हता, इतका तो कमी होता. पण एन प्रकारच्या सिलिकॉनला एक वास यायचा, कार्बाइडच्या दिव्याला यायचा तसला. तो वास फॉस्फीन वायूचा असतो. यंत्राला जे सापडलं नाही ते नाकाने पकडलं.

आता त्या हजार पटीकडे येऊ. 1949 मध्ये बेल प्रयोगशाळेतच जेराल्ड पिअरसन आणि जॉन बार्डीन यांनी सिलिकॉनमध्ये मोजून मापून बोरॉन आणि फॉस्फरस मिसळले आणि प्रत्येक मिश्रणाची रोधकता वेगवेगळ्या तापमानांना मोजली. लाखात एक बोरॉनने हजार पट, हा आकडा या कामातून पाठ्यपुस्तकांत गेला. मी तिला हिशेब उलटा करायला लावला. लाखात एक म्हणजे घनसेंटीमीटरमागे 5 × 10¹⁷ बोरॉन अणू, रोधकता सुमारे 0.06 ओहम-सेंटीमीटर. ही शुद्ध सिलिकॉनच्या हजारावा भाग असेल, तर त्यांचं शुद्ध सिलिकॉन निघतं साठच्या आसपास. खऱ्या शुद्ध सिलिकॉनची रोधकता तीन लाख! म्हणजे 1949 चं शुद्ध सिलिकॉन शुद्ध नव्हतंच. त्यात शंभर कोटी अणूंमागे काही थोडे परके अणू आधीच मुरलेले होते, आणि वहन तेच सांभाळत होते. बोरॉनचं काम आजही तेवढंच आहे. बदलली ती तुलनेची पायरी. आजच्या पायरीवरून तोच लाखातला एक बोरॉन पन्नास लाख पटींच्या घरात जातो.

ती पायरी खाली न्यायला 1950 चं दशक लागलं. विल्यम फॅन यांनी झोन रिफायनिंगची पद्धत आणली: कांडीचा एक अरुंद पट्टा वितळवून तो टोकापासून टोकापर्यंत सरकवायचा, म्हणजे अशुद्धी द्रवाबरोबर पुढे ढकलली जाते. जर्मेनियमला ती छान लागू पडली. वितळलेलं सिलिकॉन मात्र भांड्यातूनच अशुद्धी ओढून घेतं, म्हणून थ्यूअरर यांनी भांड्याशिवाय, उभ्या कांडीतच वितळलेला पट्टा तरंगत ठेवला. तरी बोरॉन हटता हटेना, कारण दहातले आठ घनात परत शिरतात. त्यासाठी सिलिकॉनचं आधी ट्रायक्लोरोसिलेन या द्रवात रूपांतर करून, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून मग पुन्हा घन करण्याचा रासायनिक मार्ग धरावा लागला.

माझ्याकडे सिलिकॉनच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकतीचा, म्हणजे वेफरचा, एक तुकडा आहे. त्यावर चार सुया समान अंतरावर टेकवल्या, बाहेरच्या दोन सुयांतून एक मिलिॲम्पियर सोडला, आतल्या दोन सुयांमध्ये बावीस मिलिव्होल्ट मिळाले. सुयांच्या अंतराच्या मानाने पातळ आणि रुंद तुकड्याचं सूत्र असं:

```
ρ = 4.53 × t × V / I
  = 4.53 × 0.05 × 0.022 / 0.001
  ≈ 5 ओहम-सेंटीमीटर
```

एन प्रकारात पाच ओहम-सेंटीमीटर म्हणजे सुमारे साडेपाच कोटी अणूंमागे एक फॉस्फरस. दहा लाखांत एक तर यापुढे भरपूरच झालं. तरी हा तुकडा शुद्ध सिलिकॉनपेक्षा साठ हजार पट चांगला वाहक आहे.

तिने लगेच विचारलं, मग वेफरमध्ये दुसरं काहीच नसतं का? असतं. क्वार्ट्झच्या भांड्यातून ओढून काढलेल्या नेहमीच्या सिलिकॉनमध्ये घनसेंटीमीटरमागे 10¹⁸ च्या आसपास ऑक्सिजन असतो, दहा लाखांत वीस, त्या फॉस्फरसच्या हजार पटीहून जास्त. पण तो बंधांच्या मध्ये जाऊन बसतो, सिलिकॉनची जागा घेत नाही आणि सहसा इलेक्ट्रॉन सोडत नाही. कार्बन सिलिकॉनच्या जागी बसतो, पण त्याचेही इलेक्ट्रॉन चारच, त्यामुळे शिल्लक काही राहत नाही. साडेचारशे अंश सेल्सियसला बराच वेळ तापवलं तर मात्र ऑक्सिजनचे पुंजके इलेक्ट्रॉन द्यायला लागतात आणि वेफरची मोजलेली रोधकता भलतीच येते. कारखान्यात त्यासाठी वेफर आधी साडेसहाशेच्या आसपास तापवून झटकन थंड करतात, म्हणजे ते पुंजके मोडतात.

तुकडा एन आहे हे मी आधीच सांगितलं होतं, पण तिला स्वतः पाहायचं होतं. सोल्डरिंगची इस्त्री तापवली, तिचं टोक मल्टिमीटरच्या लाल टोकाला जोडून वेफरवर टेकवलं, काळं टोक गार बाजूला. गरम जागेचे इलेक्ट्रॉन गार बाजूकडे पसरतात, गरम जागा धन होते. मीटरवर आकडा अधिक चिन्हाने चढला. मग तिने टोकं उलटी लावली, आणि चिन्ह उलटलं तेव्हा वही मिटली.