एल्डरबेरी सिरप नेमके काय करते?

पावसाळा सुरू झाला की म्हापशाच्या आमच्या दुकानात या बाटलीची विचारणा वाढते. गेल्या काही दिवसांत दोघा-तिघांनी हे डेंगीवर चालेल का, असेही विचारले. नाही, चालणार नाही. का ते कळायला हे फळ कुठे काम करते असे मानतात, ते पाहावे लागेल.

एल्डरबेरी हे युरोपातले काळे-जांभळे बारीक फळ. त्याच्या अर्कावरचा बराच अभ्यास फ्लूच्या म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर झाला आहे. या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींवर सायलिक आम्ल असते. कालव खडकाला चिकटावे तसा काटा त्याला चिकटतो आणि मग विषाणू पेशीत शिरतो. अर्कातली फ्लॅवोनॉइड नावाची रंगद्रव्ये आधीच विषाणूला चिकटली, तर ही पकड बसत नाही, असे 2009 मधल्या एका प्रयोगात दिसले. सिडनीच्या संशोधकांना 2019 मध्ये जरा वेगळे आढळले: प्रवेश रोखण्याचा परिणाम सौम्य, तर पेशीत शिरल्यानंतर विषाणूची वाढ रोखण्याचा परिणाम अधिक. पण हे सगळे काचेच्या भांड्यातल्या पेशींवर. तिथे अर्क थेट पेशींवर ओततात. आपण प्यालेल्या सिरपातली रंगद्रव्ये रक्तात फारच थोडी पोचतात. डेंगीचा विषाणू तर वेगळाच. तो डासाच्या चाव्यातून येतो आणि त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिनचे हे काटे नसतात.

दुसरा दावा सायटोकाइनचा. संसर्ग झाला की पेशी एकमेकींना इशारा देण्यासाठी ही प्रथिने सोडतात. ताप आणि अंगदुखी त्यांच्यामुळेच. एल्डरबेरी हा इशारा 'संतुलित' करते असे पुष्कळ वेष्टनांवर छापलेले असते, आम्हाला ते पटत नाही. 2001 च्या प्रयोगात निरोगी माणसांच्या रक्तातल्या पेशींना अर्क दिल्यावर टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-6 या दाह वाढवणाऱ्या सायटोकाइनांचे प्रमाण वाढले. दाह शमवणारे इंटरल्युकिन-10 वाढले, पण कमी. म्हणून संधिवात, ल्युपस यांसारखा स्वप्रतिकार विकार असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

माणसांवर काय दिसले? नॉर्वेत 60 फ्लूच्या रुग्णांपैकी काहींना 15 मिली सिरप दिवसातून चारदा, पाच दिवस दिले. लक्षणे सुरू होऊन 48 तास उलटायच्या आत त्यांनी ते सुरू केले होते, आणि त्यांना सरासरी चार दिवस लवकर आराम पडला. अमेरिकेत 2020 मध्ये 87 रुग्णांवर असाच अभ्यास झाला, त्यात काहीच फरक दिसला नाही. विकणारे आम्ही असलो तरी दुसरा आकडा लपवणार नाही.

मधुमेह असेल तर साखर मोजा: नॉर्वेतल्या मात्रेने पाच दिवसांत 300 मिली सिरप पोटात जाते. कुणी परदेशातून कच्ची फळे किंवा पाने आणून दिली तर काढा करू नका. त्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते, उलट्या होतात. धाप लागली किंवा ताप उतरेना, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा सरळ गोमेकॉत जा.