रेकॉर्डिंग चालू आहे, पण ऐकणार कोण?

पिंपळगाव बसवंतकडच्या एखाद्या द्राक्षगटाची बैठक डोळ्यासमोर आणा. फेब्रुवारी महिना, रात्रीचे साडेआठ, पॅकहाऊसच्या शेजारची खोली, १४ बागायतदार. एका प्लॉटचं सॅम्पल रेसिड्यूत फेल गेलंय. म्हणजे मण्यांमध्ये औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघालाय आणि तो माल आता युरोपला जाणार नाही. कुणी कधी काय मारलं हे आज उघड झालं, तर बाकीच्या १३ जणांचा माल वाचू शकतो. सचिव मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवतात. "रेकॉर्ड करतोय बरं का, मिनिट्स लिहायला सोपं पडतं." कुणीच हरकत घेत नाही.

पुढचा अर्धा तास सगळे बोलतात आणि हाती काहीच लागत नाही. "शेड्यूलप्रमाणेच मारलंय." "पीएचआय पाळलाय." शेवटची फवारणी आणि काढणी यांत जेवढे दिवस सोडायचे तो पीएचआय, आणि तो पाळला नाही असं मोबाइलसमोर कोण म्हणणार? रेकॉर्डिंग बंद होतं, मंडळी बाहेर मोटरसायकलींपाशी येतात आणि खरी बैठक तिथं सुरू होते. एक जण हळूच सांगतो, शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर आणला होता, टाकी काही धुतली नव्हती.

माणसं मोबाइलला बिचकली असं आपण पटकन म्हणतो. मला ते पुरतं पटत नाही. हीच माणसं दिवसभर व्हॉट्सॲपवर एकमेकांना आवाजी निरोप धाडत असतात. अडचण होती ती आवाज पुढं कुठं जाणार हे माहीत नसण्याची. तो सचिवाच्याच कानापर्यंत राहणार, की निर्यातदाराकडं जाणार? लेखी सारांशात "अमुकराव म्हणाले" असं येणार का? उत्तर नसलं की माणूस आपोआप सगळ्यात वाईट श्रोता गृहीत धरतो आणि त्याच्यासाठी बोलतो.

भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल यांनी १९८४ मध्ये याला सैद्धांतिक बैठक दिली. न्यूझीलंडमध्ये तेच वृत्तनिवेदक राष्ट्रीय केंद्रावर आणि स्थानिक केंद्रावर अशा दोन्हीकडं बातम्या वाचत. माणूस तोच, कामही तेच. तरी राष्ट्रीय केंद्रावर दोन स्वरांमधला 'ट' स्वच्छ यायचा आणि स्थानिक केंद्रावर तो 'ड'कडं झुकायचा. बदललेला होता फक्त पलीकडचा श्रोता. समोर नसलेल्या माणसासाठी उच्चारसुद्धा बदलत असेल, तर धुतली न गेलेली टाकी तोंडातच राहणं फार नवलाचं नाही.

पण नुसत्या भीतीनं गोष्ट संपत नाही. याचा सगळ्यात चांगला पुरावा सापडतो तो अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत. तिथं व्याजदर ठरवणारी समिती वर्षातून ८ वेळा बसते. इतिवृत्त लिहायला मदत म्हणून बैठका टेप होत. टेपवरून मजकूर टंकून झाला की टेप पुन्हा वापरात जाई, त्यामुळे बहुतेक सदस्यांची समजूत अशी की बोललेलं पुसलं जातं. प्रत्यक्षात १९७६ पासूनचा टंकलेला मजकूर कपाटात जपून ठेवलेला होता. १९९३ च्या शरदात संसदेच्या चौकशीत हे बाहेर आलं आणि ५ वर्षांच्या अंतरानं शब्दशः मजकूर प्रसिद्ध करायचं ठरलं. आधीच्या बैठकांचाही. म्हणजे जे पुसलं गेलंय समजून बोलले होते, त्यांचंही बोलणं छापलं गेलं.

संशोधकांना असा प्रयोग मुद्दाम करता आला नसता. समिती तीच, विषय तेच. फरक एवढाच की १९९३ पूर्वी सदस्यांना ठाऊक नव्हतं आणि नंतर ठाऊक होतं. एलन मीड आणि डेव्हिड स्टासाव्हेज यांनी २००८ मध्ये दाखवलं की नंतरच्या काळात बैठकीत तोंडी असहमती नोंदवण्याची तयारी कमी झाली. पुढं स्टीफन हॅन्सन, मायकल मॅकमहन आणि अँड्रिया प्राट यांनी सगळा मजकूर संगणकानं चाळला. नव्या सदस्यांना आपलं नाव अजून कमवायचं असतं, म्हणून त्यांनी नव्यांची तुलना जुन्यांशी केली. २०१८ मध्ये छापलेला निष्कर्ष दुहेरी आहे. अर्थव्यवस्थेचा आढावा घेताना नवे सदस्य जास्त अभ्यास करून, जास्त आकडे घेऊन येऊ लागले. धोरणावर चर्चा सुरू झाली की मात्र ते मध्येच तोंड घालेनासे झाले आणि त्यांचं बोलणं अध्यक्षांच्या बोलण्यासारखं होऊ लागलं. तयारी वाढली, वाद कमी झाला. एकूण गोळाबेरीज लेखकांनी तयारीच्या बाजूनं झुकलेली मांडली आहे, कारण नव्यांच्या बोलण्याचा चर्चेवरचा प्रभाव वाढलेला दिसला.

आपल्या गटाला यातून काय हवंय, हे बैठकीगणिक बदलतं. हंगामाचा हिशेब मांडायचा असेल तर नावानिशी नोंद बरी, माणसं पावत्या घेऊन येतात. सॅम्पल का फेल गेलं हे शोधायचं असेल, तर अर्धवट आठवणारी, लाजिरवाणी, "बहुतेक असं झालं असेल" छापाची माहिती लागते आणि नावाची नोंद नेमकी तीच मारते.

म्हणून दुसऱ्या बैठकीत सचिव बटण दाबण्याआधी बोलतात. "आवाज फक्त मी ऐकणार. लिहिलं की आठ दिवसांत पुसणार. कागदावर औषध, तारीख, काढणीचा दिवस येईल, नाव येणार नाही. निर्यातदाराला कागद जाईल, पण आधी तुम्ही सगळे वाचणार. कुणाला थांबवायचं असेल तर 'बंद करा' म्हणा, कारण विचारणार नाही." हे सांगायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. पण "चालेल ना?" असं सगळ्यांना मिळून विचारलं की १४ माना एकदम हलतात, त्याला संमती म्हणणं धाडसाचं आहे. म्हणून सचिव विचारतात, "आबा, यातलं काय तुम्हाला नको?" आबा म्हणतात, "गट नंबर लिहू नका." तेव्हा कळतं की सांगितलेलं पोचलंय.

या वेळी टाकीचा विषय खोलीतच निघतो. "शेजाऱ्यानं त्याच टाकीत आदल्या दिवशी वेगळं औषध कालवलं होतं, मी फक्त पाणी फिरवलं... का तेही नाही, गड्याला विचारावं लागेल." लगेच दुसरा विचारतो, "नळीतलं उरलेलं काढलं का?" हा मध्येच आलेला प्रश्न महत्त्वाचा. बैठक मोकळी आहे की नाही हे ओळखायचं असेल, तर लोक एकमेकांना प्रश्न विचारतात का ते मोजा, आणि मोटरसायकलींपाशी नवीन काही निघतं का ते ऐका.

सारांश लिहिताना पहिला घात होतो तो "बहुतेक"चा. "बहुतेक धुतली नसावी"चं कागदावर "टाकी न धुता वापरली" होतं आणि शंकेचा कबुलीजबाब बनतो. बोलणाऱ्यानं आधी वाचायचं ते त्यासाठी. एकदा असा कागद पुढं गेला, की पुढच्या बैठकीत तो माणूस "शेड्यूलप्रमाणे"वरच थांबणार.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेनं १९२७ मध्ये नियम केला: बैठकीतली माहिती वापरा, पण ती कुणी दिली हे सांगू नका. मोठ्या सभागृहात तो चालतो. १४ जणांत "एका बागेत शेजाऱ्याचा ब्लोअर वापरला" एवढं लिहिलं तरी अर्ध्या तालुक्याला पत्ता लागतो, कारण स्वतःचा ब्लोअर नसलेला माणूस एकच. नाव गाळलं तरी तपशील चहाडी करतो.

मग सचिवांनी आधी लिहिलं, "फवारणीची साधनं नीट धुतली जात नाहीत." सुरक्षित, पण बाकीच्या १३ जणांना त्यातून उधारीचा ब्लोअर तपासायचं सुचणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या माणसाच्या बागेत गेले आणि दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. त्यानं कात्री खिशात ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "ब्लोअर लिहा. उधारीचा होता हेही लिहा. शेजाऱ्याचा, हे तेवढं काढा."